पैसा बदलतो, जात का बदलत नाही? मूर्तिजापूरच्या दोन दाखल्यांची गोष्ट

दहावी-बारावीचे निकाल लागले की मूर्तिजापूरच्या सेतू केंद्रावर गर्दी सुरू होते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला जातीचा. पोरगा दोन्ही फायली एकाच पिशवीत घेऊन येतो, रांगही एकाच परिसरात लागते. पण हे दोन कागद वेगळेच प्रश्न विचारतात. उत्पन्नाचा दाखला विचारतो, घरात गेल्या वर्षी किती पैसे आले? जातीचा दाखला विचारतो, तुझा आजा, पणजा कोण होता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वर्षी बदलू शकतं, म्हणून त्या दाखल्याला मुदत असते. दुसऱ्याचं उत्तर बदलतच नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात 'वर्ग ही खुली आणि जात ही बंदिस्त स्तररचना' असं वाक्य असतं. त्याचा अर्थ नीट कळतो तो या दोन कागदांतून.

जुने कागद शोधायचे कशाला?

समजा, तालुक्यातल्या एका परीट कुटुंबातली मुलगी आहे. महाराष्ट्रात परीट समाज ओबीसीत येतो. तिचा आजा गावात बलुत्यावर कपडे धूत होता, खळ्यावर धान्य मिळायचं. वडिलांनी शहरात इस्त्रीचं दुकान टाकलं. तिला इंजिनिअरिंगला जायचंय. तीन पिढ्यांत या घराचा धंदा बदलला, कमाई बदलली, घर कुडाचं होतं ते सिमेंटचं झालं. वर्गाच्या भाषेत हे कुटुंब दोन पायऱ्या वर चढलं.

जातीच्या दाखल्यासाठी मात्र तिला उलट्या दिशेनं चालावं लागतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्या तारखेपूर्वी आपलं कुटुंब कुठं राहत होतं आणि कागदावर कोणती जात होती, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, तर भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. मग सुरू होते शोधाशोध. आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, आणि आजा शाळेतच गेला नसेल तर गावच्या कोतवाल बुकातली जन्माची नोंद. वऱ्हाडात अनेक घरांसाठी हे कोतवाल बुकच शेवटचा आधार असतं. त्यासोबत वंशावळ जोडायची, कारण रजिस्टरमधलं ते नाव आपल्याच आज्याचं आहे हेही सिद्ध करावं लागतं.

उपविभागीय अधिकाऱ्याकडून दाखला मिळाला, की तो अकोल्याच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. इथंच खूप प्रकरणं अडकतात. एका नोंदीत 'परीट', दुसरीत 'वरठी', तिसरीत 'धोबी' असं असतं. कधी नावापुढं आडनावच नसतं. समितीला शंका आली तर दक्षता पथक गावात जाऊन चौकशी करतं. पण एकदा वैधता प्रमाणपत्र हाती आलं, की ते पुन्हा काढावं लागत नाही. समिती असं गृहीत धरते की माणसाची जात उद्याही तीच राहणार.

या मुलीला तिसरा कागदही लागतो, नॉन-क्रिमीलेअर. त्याची मर्यादा २०१७ पासून वर्षाला ८ लाख रुपये आहे आणि त्याला मुदत असते. म्हणजे एकाच प्रवेशासाठी सरकार तिच्याकडून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजून घेतं. उद्या ती क्रिमीलेअरमध्ये गेली, तर तिचं आरक्षण जाईल. परीट असणं जाणार नाही.

दापुऱ्यातला देबूजी

हे आरक्षणामुळं झालं, असं कोणाला वाटू शकतं. कागद नव्हते तेव्हाही हेच होतं. त्यासाठी याच तालुक्यातल्या दापुऱ्याला जाऊ.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी गेले आणि आई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडं शेती होती. देबूजीनं आधी गुरं राखली, मग औत हाकलं, आणि पंचक्रोशीत नाव घ्यावं असा शेतकरी झाला. पुढं सावकाराच्या व्यवहारात शेती अडकली आणि घर पुन्हा खाली आलं. हाच देबूजी पुढं गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला.

या घराचा आलेख काढून बघा. शेंडगावात घसरण, दापुऱ्यात चढण, सावकारामुळं पुन्हा घसरण. पंचवीस-तीस वर्षांत इतके चढउतार झाले, आणि त्या सगळ्या काळात घर परीटच राहिलं. कपडे धुण्याऐवजी नांगर धरला तरी जात 'शेतकरी' झाली नाही. धंदा हा जातीशी चिकटलेला असतो खरा, पण धंदा सोडला म्हणून जात सुटत नाही.

हे उलट बाजूनंही खरं आहे. वऱ्हाडात जमिनी गेलेले देशमुख-पाटील कमी नाहीत. शेत गेलं, वाड्याची भिंत पडली, तरी गावात 'देशमुखसाहेब' ही हाक जात नाही. वर्गाच्या उतरंडीत तो माणूस खाली आला, जातीच्या उतरंडीत जागेवरच राहिला. चढण्याबद्दल सगळे बोलतात. पण न पडण्याची ही सोय कोणाला मिळते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

आणि पैशानं काय विकत घेता येत नाही, तेही गाडगेबाबांच्याच कामात दिसतं. त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली ती अस्पृश्य वारकऱ्यांसाठी. खिशात पैसे नव्हते म्हणून या वारकऱ्यांना इतर धर्मशाळांत जागा मिळत नव्हती, असं नाही. पैसे असते तरी मिळाली नसती. १९४९ मध्ये बाबांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली.

कुलूप कुठं आहे?

वर्गसुद्धा काही पूर्ण मोकळा नाही. श्रीमंताच्या पोराला ट्यूशन, ओळखी, भांडवल सगळं मिळतं. मजुराचं पोर मजूरच राहण्याची शक्यता जास्त. मग जात वेगळी कशी?

याचं सर्वात नेमकं उत्तर डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आहे. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यांची मांडणी अशी, की जात म्हणजे स्वतःला बंद करून घेतलेला वर्गच. आणि बंद करण्याचं साधन एकच, जातीतल्या जातीत लग्न. धंदा, जेवणखाण, शिवाशिव हे नंतर येतं.

त्यांनी यातलं गणितही मांडलं. एखाद्या गटाला बाहेर लग्न करायचंच नसेल, तर गटातल्या लग्नाच्या पुरुषांची आणि स्त्रियांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की एक बाई जास्त होते. तिनं गटाबाहेर लग्न केलं तर भिंत फुटते, गटातच दुसरं लग्न केलं तर एखाद्या मुलीचा वर कमी होतो. म्हणून सती आणि सक्तीचं वैधव्य. बायको मेली तर पुरुषाला असं संपवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी लहान वयाची मुलगी, म्हणजे बालविवाह. या रूढींकडं आपण सुट्या सुट्या वाईट चाली म्हणून बघतो. आंबेडकरांच्या मते त्या एकाच कुलपाच्या चाव्या होत्या.

हे कुलूप अजून बऱ्यापैकी घट्ट आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघालं.

बरं, लग्न केलं तरी माणसाची स्वतःची जात बदलते का? कायदा सहसा 'नाही' म्हणतो. १९९६ च्या वलसम्मा पॉल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पुढारलेल्या समाजात जन्मलेल्या स्त्रीला मागास समाजातल्या पुरुषाशी लग्न केल्यानं आरक्षण मिळत नाही. मुलांचं थोडं वेगळं आहे. २०१२ च्या रमेशभाई नायका प्रकरणात न्यायालयानं म्हटलं, की मूल बापाच्याच जातीचं असं डोळे झाकून धरू नये. आई आदिवासी असेल आणि मूल तिच्याच समाजात, त्याच वंचनेत वाढलं असेल, तर ते पुराव्यानं दाखवता येतं. दार किंचित किलकिलं होतं ते असं, पुढच्या पिढीसाठी, आणि तेही फाइल घेऊन.

अख्खी जात वर सरकते तेव्हा

एकटा माणूस जात बदलू शकत नाही, पण पूर्ण जात आपली जागा बदलायचा प्रयत्न करते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी याला 'संस्कृतीकरण' म्हटलं. मांसाहार सोडायचा, वरच्या जातींचे विधी घ्यायचे, नवं नाव लावायचं. एक-दोन पिढ्यांनी जात उतरंडीत थोडी वर धरली जाते. शिडी तशीच राहते, पायरीवरचा गट बदलतो.

याची किंमत कोण देतं, हे फार बोललं जात नाही. वऱ्हाडातल्या अनेक जातींत विधवेचा 'पाट' लावायची रीत होती. 'आपण मोठे झालो' हे दाखवायचं ठरलं, की सर्वात आधी ही रीत कमीपणाची वाटू लागायची. जातीची बढती व्हायची आणि बाईचा मार्ग बंद व्हायचा.

गाडगेबाबांच्या आयुष्यातली एक गोष्ट वरवर याच्यासारखी दिसते. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू आणि मटणाची पंगत अपेक्षित होती. देबूजीनं गोड जेवण वाढलं आणि भाऊबंद नाराज झाले. पण त्यांना जातीला वर चढवायचं नव्हतं. ते सणावारी कर्ज काढू नका म्हणत, आणि जातपातच मानू नका म्हणत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आंबेडकरांनी तिसरी वाट धरली, शिडीच सोडायची. वऱ्हाडातल्या गावोगावच्या महार वस्त्या बौद्ध झाल्या. मात्र केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. आणि आजही बौद्ध मुलाला तो दाखला काढायचा असेल, तर धर्मांतरापूर्वीच्या घराण्याची नोंद शोधावीच लागते. कोतवाल बुकात १९५० च्या आधीच्या पानावर 'महार' असं लिहिलेलं सापडलं, तरच फाइल पुढं सरकते.