गटातला यंत्रसंवाद (भाग ६) : ‘aaj pani nahi’ कोणत्या भाषेत आहे?

ठरावीक विषयांवरील प्रश्नांना आपोआप उत्तरे देणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाला चॅटबॉट किंवा नुसते बॉट म्हणतात. २०२२ साली मुंबई महानगरपालिकेने व्हॉट्सॲपवर सुरू केलेल्या सेवेसारख्या बॉटमध्ये संभाषण एका नागरिकाशीच चालते, त्यामुळे भाषा एकदा ठरली की पुढे तीच राहिली तरी बिघडत नाही. लालबागमधील एखाद्या चाळीच्या गटात मात्र एक बिऱ्हाड मराठीत, शेजारचे हिंदीत आणि तिसऱ्या मजल्यावरची तरुण मंडळी इंग्रजीत लिहितात. अशा गटाला पाण्याच्या वेळा सांगणाऱ्या बॉटने भाषा गटाची नव्हे, तर त्या-त्या संदेशाची धरावी लागते.

याच ठिकाणी एक चूक हमखास होते. टेलिग्रामवर प्रत्येक संदेशाबरोबर `chat.id` हा संभाषणाचा आणि `from.id` हा लिहिणाऱ्याचा क्रमांक येतो, आणि खासगी संभाषणात हे दोन्ही क्रमांक एकच असतात. त्यामुळे भाषेची नोंद केवळ `chat.id` खाली ठेवणारा बॉट त्याच्या कर्त्याने एकट्याने तपासला असता निर्दोष वाटतो. गटात नेताच एकाने हिंदीत विचारले की पुढच्या मराठी प्रश्नालाही हिंदी उत्तर जाऊ लागते. नोंदीची किल्ली दोन्ही क्रमांक जोडून केली, की हा घोळ मिटतो.

```
key = (message["chat"]["id"], message["from"]["id"])
```

सदस्याची भाषा म्हणून `from.language_code` हे तयार मूल्य वापरण्याचा मोहही आवरलेला बरा, कारण ते सदस्याच्या ॲपमधील सूचनांची भाषा सांगते, लिहिण्याची नव्हे. आणि परळ-दादरकडे फोन इंग्रजीत ठेवून दिवसभर मराठीत लिहिणाऱ्यांची मुळीच वाण नाही.

म्हणजे संदेश वाचणे आलेच. संदेश देवनागरीत असेल तर काम त्या मानाने सोपे असते: मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी एकच असली तरी ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘आहे’ आणि ‘है’ अशा जोड्या लगेच वेगळ्या पडतात, आणि ‘ळ’ दिसला तर मराठीकडे झुकायला हरकत नसते. रोमन अक्षरांत मात्र ‘ण’ आणि ‘न’ दोघेही n होतात, ‘ळ’ आणि ‘ल’ दोघेही l होतात, आणि ओळखीच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात.

‘pani timing change zali ka’ हा संदेश घ्यावा. शब्द नुसते मोजले, तर इंग्रजीचे दोन, निखळ मराठीचा ‘zali’ हा एकच, आणि ‘pani’ व ‘ka’ मराठी-हिंदीत सामाईक. त्यामुळे बहुमताने उत्तर इंग्रजीत जाईल आणि विचारणारा चक्रावेल. नामे एका भाषेतून दुसरीत सहज वस्तीला येतात, क्रियापदांची रूपे सहसा येत नाहीत, म्हणून नामाला एक आणि क्रियापदाला तीन असे वजन दिले की ‘zali’ एकटा इंग्रजीच्या दोन शब्दांवर मात करतो. हाच प्रश्न ‘pani timing change ho gayi kya’ असा आला, तर त्याच नियमाने तो हिंदी ठरतो. शब्दांच्या अशा याद्या हाताने करायच्या नसतील, तर मद्रास आयआयटीतील ‘एआय४भारत’ या संशोधन गटाने २०२३ मध्ये मांडलेले `IndicLID` हे भाषा ओळखणारे प्रारूप भारतीय भाषा त्यांच्या मूळ लिपीत आणि रोमन लिपीतही ओळखण्यासाठी घडवलेले आहे. तथापि चार शब्दांच्या संदेशावर कोणतेही प्रारूप चाचपडते.

‘aaj pani nahi’ या संदेशापुढे तर वजनेही हात टेकतात. यातील तिन्ही शब्द रोमन लेखनात दोन्ही भाषांचे आहेत, आणि वाक्य हिंदी की मराठी हे शेजाऱ्यालाही केवळ लिहिणाऱ्याच्या नावावरूनच उमगते. बॉटनेही तेच करावे, मात्र आडनावावरून अंदाज बांधून नव्हे (तो आगाऊपणा गिरगावात कोणी खपवून घेणार नाही), तर त्या सदस्याचा याआधी निःसंदिग्धपणे ओळखला गेलेला संदेश पाहून. ‘ok’ किंवा नुसता अंगठा आला तर जुनी नोंद बदलू नये, कारण ‘ok’ इंग्रजी मानला की मराठी सदस्य नकळत इंग्रजीच्या खात्यात जमा होतो. नोंदच नसलेल्या नव्या सदस्याला मराठी व हिंदी अशा दोन ओळी पाठवणे, हे चुकीच्या भाषेत ठामपणे बोलण्यापेक्षा बरे.

उत्तराची वाक्ये तिन्ही भाषांत माणसाने आधीच लिहून ठेवावीत आणि त्यांत फक्त वेळ भरावी. ‘पाणी गेले’चे यंत्राने केलेले भाषांतर कधी काय होईल याचा नेम नसतो. रोमन लिपीत विचारणाऱ्या मराठी सदस्याला उत्तर देवनागरीतच जाणे योग्य वाटते, कारण अनेकांना अडचण असते ती टंकलेखनाची, वाचनाची नव्हे. मूळ संदेश उद्धृत करून उत्तर दिले, म्हणजे ते कोणासाठी आहे हे गटाला कळते.

भाषा चुकल्याची तक्रार कोणी सहसा करत नाही. तोच सदस्य मिनिटा-दोन मिनिटांत तोच प्रश्न दुसऱ्या भाषेत किंवा देवनागरीत पुन्हा विचारतो. नोंदवहीत अशा जोड्या शोधल्या, की यादीत कोणते शब्द कमी पडतात ते दिसते. मुंबईच्या हिंदीतले ‘आयेला है’ बहुधा त्यांत आधी सापडेल, कारण त्यातला ‘ला’ मराठीच्या वळणाचा आणि ‘है’ हिंदीचा असतो.