सहकारी अचानक गेल्यावर

समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आठ जण आहेत. त्यांतला एक रविवारी रात्री हृदयविकाराच्या झटक्याने गेला. सोमवारी सकाळी साहेब सवयीने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकतात. हे करू नये. रोज त्याच्यासोबत डबा खाणाऱ्याला ती बसमध्ये उभ्याउभ्या वाचायला मिळणे क्रूर आहे. आधी जवळच्या दोघातिघांना फोन करावा, मग विभागाला समोर बसवून सांगावे आणि त्यानंतरच सगळ्यांना मेल पाठवावा.

मेल चार ओळींचा पुरे: कोण गेले, कधी गेले, अंत्यविधी कुठे आहे, घरच्यांशी संपर्क कोण ठेवणार. मृत्यूचे कारण घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नये, आत्महत्येची शंका असेल तर मुळीच नाही. ‘आपले काका काल रात्री गेले. उद्या काम थांबले तरी चालेल,’ असे साधे वाक्य सजवलेल्या शोकसंदेशापेक्षा जास्त आधार देते.

खरी कसोटी कामाची. त्याचे काम सात जणांत वाटून टाकणे सोपे वाटते, पण दुःखात लक्ष लागत नाही आणि आकडे चुकतात. म्हणून पहिले पंधरा दिवस काम वाटण्याआधी कमी करावे. सात तारखेचा टीडीएस भरणा, वीस तारखेचे जीएसटी विवरणपत्र आणि पगार यांना थांबता येत नाही. अंतर्गत अहवाल, जुन्या नोंदींचा ताळमेळ, पुढच्या वर्षाचा अंदाज हे सगळे महिनाभर थांबू शकते. ते थांबले आहे, हे साहेबांनी स्वतः वरिष्ठांना आणि ग्राहकांना कळवावे. त्याचा मेलबॉक्स उघडण्याचे काम त्याच्या जिवलग मित्राला देऊ नये.

रजेचा प्रश्न अवघड, कारण बहुतेक कंपन्यांत शोकरजा फक्त जवळच्या कुटुंबीयांसाठी असते. तरी अंत्यविधीचा दिवस कुणाच्याही रजेतून कापू नये. दहाव्याला किंवा तेराव्याला जायचे असेल तर अर्धा दिवस मोकळा द्यावा. कुणाला घरी बसवत नसेल, कामावरच बरे वाटत असेल, तर त्यालाही तशी मुभा हवी. दोनतीन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, काम यांची घडी बसत नसेल तर डॉक्टरांकडे पाठवावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

आणखी एक गोष्ट टीमला शांत करते: घरच्यांचे पैसे मार्गी लागलेत हे कळणे. मृत्यू झाल्यास ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे सदस्य असतील तर ईडीएलआय विम्याचे जास्तीत जास्त सात लाख रुपये वारसाला मिळू शकतात. हे फॉर्म कंपनीने स्वतः भरून घरी न्यावेत, वहिनींना कार्यालयाच्या खेपा घालायला लावू नयेत.