सर्वांत भक्कम वाट

अवजड ट्रान्सफॉर्मर वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा मार्ग ठरवताना अंतरापेक्षा वाटेतले पूल किती भार पेलतात हे महत्त्वाचे असते. वाटेवरचे बाकीचे पूल कितीही भक्कम असले, तरी सगळ्यांत कमकुवत पूल जेवढे वजन पेलेल तेवढेच त्या वाटेने नेता येते. म्हणून दोन ठिकाणांमधल्या सर्व वाटांपैकी जिचा सर्वांत कमकुवत दुवा सर्वाधिक क्षमतेचा असेल, ती वाट शोधायची. टी. सी. हू यांनी 1961 मध्ये या प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट जाळ्यात असल्याचे दाखवले.

अ, ब, क, ड, इ ही पाच गावे घेऊ. त्यांना जोडणाऱ्या पुलांची क्षमता टनांत अशी: ड–इ 90, अ–ब 80, क–ड 70, क–इ 60, अ–क 50, ब–ड 40, ब–क 30. आता पूल मोठ्या क्षमतेकडून लहान क्षमतेकडे एकेक निवडायचे. ज्याने बंद फेरा तयार होईल तो सोडायचा. ही जोसेफ क्रुस्कल यांनी 1956 मध्ये मांडलेली पद्धत आहे, फक्त उलट्या क्रमाने. ड–इ, अ–ब आणि क–ड निवडले जातात. क–इ घेतल्यास फेरा होतो, म्हणून तो वगळतो. मग अ–क घेतला की पाचही गावे जोडली जातात. या चार पुलांच्या जाळ्याला मॅक्झिमम स्पॅनिंग ट्री म्हणतात: सर्व गावे जोडणारे, फेरा नसलेले आणि एकूण क्षमता सर्वाधिक असलेले जाळे.

ब ते ड थेट पूल 40 टनांचा आहे. ट्रीमधली वाट मात्र ब–अ–क–ड अशी, म्हणजे 80, 50, 70. ती लांब असली तरी 50 टन पेलते. याहून चांगली वाट असू शकत नाही. कारण अ–क हा पूल काढला तर ट्रीचे दोन तुकडे पडतात: एकीकडे अ आणि ब, दुसरीकडे क, ड आणि इ. ब पासून ड ला जाणाऱ्या कोणत्याही वाटेला ही सीमा ओलांडावीच लागते आणि सीमेवर 50, 40, 30 हेच तीन पूल आहेत. तिथे 50 पेक्षा मोठा पूल असता, तर अ–क ऐवजी तोच घेऊन ट्रीची एकूण क्षमता वाढली असती. म्हणजे ती ट्री मुळात सर्वाधिक क्षमतेची नव्हतीच असे ठरले असते. हाच युक्तिवाद कोणत्याही दोन गावांना लागू पडतो. त्यामुळे एकदा ट्री बांधली की प्रत्येक जोडीचे उत्तर तिच्यातच मिळते.

मात्र ट्रीतली वाट सर्वांत जवळची असेलच असे नाही. अ ते इ जाताना ट्री क आणि ड या दोन्ही गावांतून नेते. अ–क–इ ही वाट छोटी असून तीही 50 टनच पेलते. दुसरी मर्यादा एकेरी रस्त्यांची आहे. जाण्याची आणि परतीची क्षमता वेगळी असेल तर ही ट्री उपयोगी पडत नाही. तिथे डाइक्स्ट्रा यांची पद्धत थोडी बदलून वापरतात: अंतरांची बेरीज न करता वाटेतली किमान क्षमता नोंदवायची आणि दर वेळी सर्वाधिक नोंद असलेले गाव पुढे घ्यायचे.