शेहेचाळीस ई-मेल आणि एक पान

समजा, ठाण्यातली एक पाच मजली इमारत आहे. गृहनिर्माण संस्थेची नोंदणी जुनी, लिफ्ट एकच आणि तीही बावीस वर्षांची. जानेवारीत ती तीनदा मध्येच अडकली, म्हणून ३ फेब्रुवारीला सचिवांनी ‘लिफ्ट बदलण्याबाबत’ असा ई-मेल सगळ्यांना पाठवला. त्यावर उत्तरे आली, उत्तरांना उत्तरे आली. कंत्राटदार, तांत्रिक सल्लागार, खजिनदार आणि चार-पाच सभासद असे सगळे त्यात ओढले गेले. १८ एप्रिलपर्यंत शेहेचाळीस ई-मेल जमले. आता अध्यक्ष म्हणतात, “२६ तारखेला समितीची बैठक आहे. नेमके कुठे आहोत ते एका पानात द्या.”

हे एक पान लिहिणाऱ्याची पहिली चूक ठरलेली असते. तो शेहेचाळीस ई-मेल थोडक्यात सांगायला बसतो: आधी सचिव असे म्हणाले, मग खजिनदारांनी हरकत घेतली, मग कंत्राटदाराने खुलासा केला. हे झाले इतिवृत्त. अध्यक्षांना हवा आहे अहवाल. इतिवृत्त काय काय बोलले गेले ते सांगते, तर अहवाल आज काय खरे आहे ते सांगतो. पत्रव्यवहारापासून अहवालापर्यंत जायचे तर मधे आणखी एक कागद करावा लागतो, आणि बहुतेक लोक तोच गाळतात.

इतिहासाच्या अभ्यासकांना तो कागद ओळखीचा वाटेल. आपल्याकडे बखरी आहेत तशा शकावल्याही आहेत. बखर गोष्ट सांगते, तर शकावली तिथी देऊन त्या दिवशी काय घडले एवढेच नोंदते. आपल्यालाही अहवालाआधी या लिफ्टची शकावली करायची आहे.

त्यासाठी सगळे ई-मेल तारखेच्या क्रमाने लावून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. हे वाटते तितके सरळ नसते. प्रत्येक उत्तराच्या पोटात आधीची सगळी पत्रे पुन्हा आलेली असतात, त्यामुळे एकच वाक्य दहा वेळा दिसते आणि दहा जण तेच म्हणताहेत असा भास होतो. प्रत्येक ई-मेलमधला फक्त नवा मजकूर घ्यायचा. कोणी जुन्याच ई-मेलला उत्तर दिले की साखळीला फांदी फुटते. कोणी सगळ्यांऐवजी एकालाच उत्तर दिले की ते पत्र बाकीच्यांच्या साखळीत येतच नाही. जीमेलमध्ये शंभरावर ई-मेल झाले किंवा विषयाची ओळ बदलली, तर साखळी तुटून दुसरी सुरू होते. म्हणून फक्त उघडलेल्या साखळीवर विसंबू नये, ‘लिफ्ट’ हा शब्द आणि कंत्राटदाराचे नाव घालून स्वतंत्र शोध घ्यावा. शिवाय उत्तर देताना जोडलेली फाईल सहसा पुढे जात नाही. तिचा मजकूर मूळ ई-मेलमध्येच राहतो, आणि पुढे सगळे जण ती न पाहता तिच्याविषयी बोलत राहतात.

आता शकावलीची ओळ. तारीख, कोणी लिहिले, काय लिहिले, आणि चौथा रकाना: हे वाक्य कोणत्या जातीचे आहे? सगळे कसब या चौथ्या रकान्यात आहे. पत्रव्यवहारातले कामाचे वाक्य पाचांपैकी एका जातीचे असते: घडलेली गोष्ट, निर्णय, आश्वासन, प्रश्न किंवा मत.

आपल्या साखळीतला नववा ई-मेल बघा. ९ मार्चला सल्लागार लिहितात, “लिफ्ट निरीक्षकांकडे परवानगीचा अर्ज करतो.” महाराष्ट्रात नवी लिफ्ट बसवायला आधी सरकारची परवानगी लागते आणि बसवल्यावर चालवायचा परवाना लागतो, त्यामुळे हा अर्ज महत्त्वाचा आहे. सव्विसाव्या ई-मेलमध्ये सचिव सहज लिहून जातात, “परवानगीचे काम झालेच आहे.” अहवाल लिहिणाऱ्याने घाईत हे वाक्य उचलले तर ‘परवानगी मिळाली’ असे छापून जाईल. शकावलीत मात्र दिसते की ९ मार्चचे वाक्य आश्वासन आहे, सचिवांचे वाक्य त्यावरून केलेला समज आहे, आणि अर्ज खरोखर दाखल झाल्याची पोच शेहेचाळीस ई-मेलमध्ये कुठेच नाही.

याउलट, २ मार्चला खजिनदार लिहितात की आगाऊ रक्कम ३,७६,००० रुपये पाठवली, आणि ५ मार्चला कंत्राटदार ती मिळाल्याचे कळवतो. देणाराही म्हणतो, घेणाराही म्हणतो. ही घडलेली गोष्ट.

तारखांचेही तसेच. ११ मार्चला, बुधवारी, कंत्राटदार लिहितो, “माल पुढच्या शुक्रवारी निघेल.” म्हणजे १३ की २०? कोणी विचारले नाही. ‘उद्या’, ‘पुढच्या आठवड्यात’, ‘दहा दिवसांत’ हे शब्द ज्या दिवशी लिहिले त्या दिवसापासून मोजून शकावलीत खरी तारीख घालायची, आणि अर्थ दोन होत असतील तर दोन्ही लिहायचे. २७ मार्चच्या पत्रात कंत्राटदार सांगतो, कंट्रोल पॅनल सोडून सगळा माल आला, पॅनल दहा दिवसांत येईल. म्हणजे ६ एप्रिल. त्यानंतर १४ एप्रिलला तो लिहितो, “४ मेपासून जुनी लिफ्ट उतरवायला घेऊ.” त्या पत्रात पॅनलचा उल्लेख नाही.

सर्वांत जास्त धूळ उडालेली असते ती आकड्यांवर. या साखळीत किंमत कधी ९.४० लाख दिसते, कधी ११.०९ लाख. तीन सभासदांनी कंत्राटदाराने भाव वाढवला असा आरोप केला आहे. शकावली करणारा चौथ्या ई-मेलला जोडलेले कोटेशन उघडतो तेव्हा खाली एक ओळ सापडते: जीएसटी वेगळा. ९,४०,००० वर १८ टक्के म्हणजे १,६९,२००, एकूण ११,०९,२००. भाव वाढलेलाच नाही, आकडे एकाच रकमेचे आहेत. पण लगेच दुसरी गोष्ट लक्षात येते. १५ फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली ती ‘११ लाखांपर्यंत’. म्हणजे करासह खर्च मंजुरीच्या ९,२०० रुपयांनी वर जातो. बारा ई-मेलचा वाद चुकीच्या मुद्द्यावर झाला आणि खऱ्या मुद्द्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. दोन वेगवेगळ्या तारखांच्या ओळी एकाखाली एक आल्या म्हणून ते दिसले.

शकावली तयार झाली की चार भागांत वाटणी करायची, आणि ती जातीवरून जवळजवळ आपोआप होते. निर्णय आणि त्यामागचे कारण पार्श्वभूमीत जाते. घडलेल्या गोष्टी प्रगतीत. पाळली न गेलेली आश्वासने आणि उत्तर न मिळालेले प्रश्न जोखमीत. जोखीम कमी करायला कोणी काय करायचे, ते पुढील कार्यवाहीत. मतांना जागा नाही, मात्र एखाद्या मतावर निर्णय अडला असेल तर ‘यावर निर्णय हवा’ एवढेच लिहायचे.

पत्रात कोणीही ‘ही जोखीम आहे’ असे लिहीत नाही. ती ‘बहुतेक’, ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ अशा शब्दांत किंवा गप्प राहण्यात लपलेली असते. एकतिसाव्या ई-मेलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या सभासदाने आपल्या वडिलांचा आजार सांगून विचारले आहे की लिफ्ट बंद असताना काय सोय करणार? कोणीही उत्तर दिलेले नाही. हा प्रश्न अहवालात यायलाच हवा, पण आजार येता कामा नये. तो कळवला होता आठ-दहा जणांना, आणि अहवाल उद्या सूचना फलकावरही लागू शकतो.

आता ते पान असे होते. कंसातले आकडे ई-मेलचे क्रमांक आहेत.

लिफ्ट बदलण्याचे काम: १८ एप्रिलअखेरची स्थिती

पार्श्वभूमी. बावीस वर्षांची लिफ्ट जानेवारीत तीनदा अडकली (१). १५ फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेने ११ लाखांपर्यंतच्या खर्चास मंजुरी दिली (६). कोटेशन ९,४०,००० रुपये, करासह ११,०९,२०० (४).

प्रगती. आगाऊ ३,७६,००० रुपये दिले, पोच मिळाली (७, ८). कंट्रोल पॅनल वगळता माल आल्याचे कंत्राटदाराने २७ मार्चला कळवले (२२). मालाची पाहणी झाल्याची नोंद नाही.

जोखीम. १. परवानगीसाठी अर्ज झाल्याची नोंद नाही (९). तरीही ४ मेला जुनी लिफ्ट उतरवली (४३), तर नवी बसवता न येता इमारत लिफ्टविना राहील. २. पॅनल ६ एप्रिलला येणार होते, आल्याची नोंद नाही (२२). ३. करासह खर्च मंजुरीपेक्षा ९,२०० रुपयांनी जास्त. ४. काम चालू असताना वरच्या मजल्यांवरील ज्येष्ठांची सोय ठरलेली नाही (३१).

पुढील कार्यवाही. सल्लागार: अर्जाची पोच द्यावी, २२ एप्रिलपर्यंत. कंत्राटदार: पॅनलची तारीख लेखी कळवावी, २२ एप्रिलपर्यंत. समिती: परवानगी हाती येईपर्यंत जुनी लिफ्ट उतरवू न देण्याचा निर्णय, २६ एप्रिलच्या बैठकीत. सचिव: वाढीव खर्च सभेपुढे ठेवणे, तारीख ठरलेली नाही. ज्येष्ठांची सोय: जबाबदारी ठरलेली नाही.

शेवटच्या दोन ओळी मुद्दाम अर्धवट आहेत. पत्रव्यवहारात तारीख नसेल तर लिहिणाऱ्याने आपल्या मनाची घालू नये. ती मोकळी जागाच बैठकीचा विषय असते. २२ एप्रिल ही तारीखही लिहिणाऱ्याने सुचवलेली आहे, म्हणून अहवाल पाठवण्याआधी ती सल्लागार आणि कंत्राटदार यांना विचारून पक्की करायची. प्रत्येक कार्यवाहीत एकच माणूस आणि एकच क्रियापद असावे. ‘सर्वांनी पाठपुरावा करावा’ असे लिहिले की ते काम कोणाचेच राहत नाही.

पान झाले की दोनदा तपासायचे, आणि दोन्ही दिशांनी. आधी अहवालातले प्रत्येक वाक्य बोटाने दाखवता येईल अशा ई-मेलशी जुळते का ते बघायचे. ज्याला क्रमांक नाही ते एक तर आपले अनुमान आहे किंवा बेरीज-वजाबाकी, आणि अनुमान असेल तर काढायचे. मग उलटे जायचे: शकावलीतला प्रत्येक अनुत्तरित प्रश्न अहवालात आला का? पहिल्या तपासणीत खोटे सापडते, दुसरीत सुटलेले.

एवढे करूनही एक मर्यादा राहते. सल्लागारांनी अर्ज केला असेल आणि सचिवांना फोनवर सांगितलेही असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेचा फोटो पडून असेल. ई-मेलच्या साखळीला ते ठाऊक नसते. म्हणूनच ‘अर्ज केला नाही’ असे न लिहिता ‘अर्ज झाल्याची नोंद नाही’ असे लिहायचे. पहिले वाक्य आरोप आहे आणि तो चुकीचाही ठरू शकतो. दुसरे खरेच आहे, आणि ते वाचून सल्लागार पोच तरी पाठवतील किंवा अर्ज तरी करतील. चार मेच्या आत दोन्हींपैकी काहीही झाले तरी पानाचे काम झाले.