दीड टक्क्याचा भाव, शंभर टक्क्यांची किंमत

सॅम ऑल्टमन हे नाव आपल्याकडे चॅटजीपीटीमुळे पोचलं. त्यांच्याच दुसऱ्या एका उद्योगाचं, वर्ल्डकॉइनचं, टोकन २४ जुलै २०२३ रोजी क्रिप्टोबाजारात आलं. डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन द्या, आपण खरोखरचा माणूस आहोत हे सिद्ध करा आणि बदल्यात डब्ल्यूएलडी नावाचं टोकन घ्या, अशी ती योजना. योजना बरी की वाईट हा वाद इथे नको. पण या टोकनचा हिशेब मात्र समोर घेऊन बसण्यासारखा आहे, कारण क्रिप्टोच्या बाजारात 'मार्केट कॅप' या आकड्याने माणूस कसा फसतो ते त्यात स्वच्छ दिसतं.

कंपनीने स्वतःच्या श्वेतपत्रिकेत सगळं लिहून ठेवलं होतं. एकूण टोकन १,००० कोटी. पहिल्या दिवशी बाजारात फिरू शकतील अशी जास्तीत जास्त १४.३ कोटी, म्हणजे दीड टक्क्याहूनही थोडी कमी. उरलेल्यांपैकी बहुतेक पुढे काही वर्षांत लोकांना वाटायची होती, आणि २३.३ टक्के सुरुवातीच्या चमूच्या व गुंतवणूकदारांच्या नावावर, पण वर्षभर कुलपात होती.

त्या दिवसांत एका टोकनचा भाव २ डॉलरच्या आसपास होता. भाव गुणिले बाजारात फिरणारी टोकनं, ही मार्केट कॅप: जास्तीत जास्त २८.६ कोटी डॉलर. क्रिप्टोच्या जगात ही लहानखुरी रक्कम समजली जाते. 'एवढंसं तर आहे, अजून दहापट वाढायला वाव आहे,' असं म्हणणारा माणूस हाच आकडा पाहून म्हणतो. आता तोच भाव सगळ्या १,००० कोटी टोकनांना लावा. २,००० कोटी डॉलर! या दुसऱ्या आकड्याला फुली डायल्यूटेड व्हॅल्युएशन किंवा एफडीव्ही म्हणतात. एकच टोकन, एकच दिवस, एकच भाव, आणि दोन आकड्यांत सत्तरपट अंतर.

आपल्या शेअर बाजाराची सवय असलेल्या माणसाची इथे पहिली गफलत होते. कंपनीची मार्केट कॅप काढताना आपण प्रवर्तकांचे शेअरही मोजतो, मग ते लॉक-इनमध्ये असोत वा नसोत. प्रत्यक्षात फिरणारे शेअर वेगळे काढायचे तर त्याला 'फ्री फ्लोट' असं वेगळं नाव आहे, आणि सेन्सेक्स २००३पासून त्यावरच चालतो. क्रिप्टोच्या संकेतस्थळांवर नेमकं उलटं आहे. तिथे नुसतं 'मार्केट कॅप' म्हटलं की ती फिरत्या टोकनांचीच. त्यामुळे शेअरवाला माणूस तो आकडा संपूर्ण प्रकल्पाची किंमत समजून वाचतो. शिवाय कोणती टोकनं 'फिरती' धरायची हे पुष्कळदा प्रकल्पवाल्यांनीच कळवलेलं असतं.

मग एफडीव्ही हाच खरा आकडा का? तसंही नाही. एखाद्या माळावर शंभर प्लॉटांचा ले-आउट पाडला आणि त्यातला दीडच प्लॉट विकायला काढला, तर त्याला मिळालेल्या भावाने सगळा माळ मोजता येत नाही. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव प्लॉट त्या भावाने घेणारी गिऱ्हाइकं कुठे आहेत? भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो. विकायला माल थोडा आणि घेणारे उत्साही असले की थोडक्या पैशात तो भाव वर जातो, आणि गुणाकार मात्र सगळ्या टोकनांशी होतो. म्हणजे मार्केट कॅप पुढे येणारा माल लपवते, आणि एफडीव्ही नसलेला पैसा दाखवते.

वर्ल्डकॉइनच्या त्या १४.३ कोटींच्या आत शिरलं तर गोष्ट आणखी पातळ होते. त्यातली ४.३ कोटी टोकनं आधी बुबुळं स्कॅन करून घेतलेल्या लोकांसाठी होती. बाकीची १० कोटी पाच मार्केट मेकर संस्थांना तीन महिन्यांच्या बोलीवर उसनी दिलेली होती. मार्केट मेकर म्हणजे खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव सतत लावून बाजार हलता ठेवणारा धंदेवाईक. मुदत संपल्यावर त्यांनी टोकनं परत करायची किंवा ठरलेल्या सूत्राने विकत घ्यायची. त्या सूत्रातला भाव २ डॉलरपासून सुरू होऊन वर जाणारा होता.

याचा अर्थ असा, की 'फिरत्या' मालातला मोठा हिस्सा कुणी पैसे मोजून घेतलेला नव्हता, तो उधारीवर आणलेला होता. भाव सूत्रापेक्षा चढला तर मार्केट मेकरला टोकनं विकत घेऊन बाजारात विकण्यात फायदा, नाही चढला तर परत करण्याची मोकळीक. ऑक्टोबर २०२३मध्ये हा करार वाढवला तेव्हा उसन्या टोकनांचा आकडा १० कोटींवरून ७.५ कोटींवर आणला गेला. एखाद्या करारातल्या बदलाने बाजारातला माल कमी होऊ शकतो, हे मार्केट कॅपच्या आकड्यात कुठेच वाचता येत नाही. या व्यवहारात लपवाछपवी मात्र नव्हती. सगळं आधीच जाहीर होतं. वाचलं किती जणांनी, हा प्रश्न वेगळा.

मार्च २०२४मध्ये हा भाव ११ डॉलरच्या वर गेला. एफडीव्ही ११,००० कोटी डॉलर! त्याच सुमारास ऑल्टमन यांच्या मुख्य कंपनीचं, ओपनएआयचं, मूल्यांकन ८,००० कोटी डॉलर किंवा त्याहून थोडं अधिक असल्याच्या बातम्या होत्या. बुबुळं स्कॅन करणारा प्रकल्प चॅटजीपीटीच्या कंपनीपेक्षा मोठा आहे असं कुणीही गंभीरपणे म्हणत नव्हतं. फक्त गुणाकार तसं म्हणत होता. पडद्यावरची मार्केट कॅप होती दीडशे कोटी डॉलरच्या आसपास. दोन्ही आकडे हिशेबाने बरोबर, आणि दोन्ही निरुपयोगी.

आता कुलपाकडे वळू. चमू आणि गुंतवणूकदार यांची टोकनं जुलै २०२४पासून रोज थोडी थोडी मोकळी होणार होती. मूळ कराराप्रमाणे ती दोन वर्षांत सुटायची. २३३ कोटी टोकनं भागिले ७३० दिवस, म्हणजे रोज सुमारे ३२ लाख. मुदत जवळ आली तेव्हा टूल्स फॉर ह्युमॅनिटी या मूळ कंपनीने जाहीर केलं, की यातल्या ८० टक्के टोकनांसाठी हा काळ दोन वर्षांऐवजी चार वर्षांचा राहील. त्यामुळे रोजचा आकडा १९ लाखांवर आला. या एका घोषणेने भावाने उसळी घेतली. प्रकल्पाच्या कामात तसूभरही फरक पडलेला नव्हता. फक्त विक्रीला येऊ शकणारा माल लांबणीवर गेला होता, आणि तेवढं पुरलं.

२ डॉलर भाव धरला तर १९ लाख टोकनं म्हणजे रोजचे ३८ लाख डॉलर, आपले तीस कोटी रुपयांहून जास्त. ही सगळी टोकनं विक्रीला आली, तर भाव नुसता जागच्या जागी राहण्यासाठी रोज एवढा नवा पैसा बाजारात यायला हवा. सुट्टीच्या दिवशीही, कारण क्रिप्टोबाजाराला सुट्टी नसते. लोकांना वाटली जाणारी टोकनं यात धरलेलीच नाहीत. ज्या गुंतवणूकदाराला टोकन काही सेंटांत पडलंय, त्याला २ डॉलरला विकलं काय आणि दीडला विकलं काय, नफाच आहे. काहीजण तर कुलूप उघडण्याची वाटही पाहत नाहीत. ते फ्युचर्समध्ये आधीच विक्री करून भाव बांधून घेतात किंवा कुलपातली टोकनं खासगीत सवलतीने विकून मोकळे होतात.

परिणाम पाहा. एप्रिल २०२५मध्ये फिरती टोकनं १०० कोटींच्या पुढे गेलेली होती आणि भाव साधारण पाऊण डॉलरवर आला होता. मार्केट कॅप काढा: ७५ कोटी डॉलरच्या वर. पहिल्या दिवसांत ती २८.६ कोटींपर्यंत होती. म्हणजे मार्केट कॅप अडीचपटीहून जास्त वाढली, आणि २ डॉलरला घेऊन बसलेल्या माणसाचे साठ टक्क्यांहून जास्त पैसे गेले. 'मार्केट कॅप दहापट होईल' म्हणणाऱ्याचं भाकीत काही प्रमाणात खरं ठरत असताना त्याचा खिसा मात्र रिकामा होत होता.

हाच खेळ कुणी कर्जासाठी वापरला तर काय होतं, ते एफटीएक्स या एक्स्चेंजने दाखवलं. नोव्हेंबर २०२२मध्ये कोसळताना सॅम बँकमन-फ्रीड यांनी गुंतवणूकदारांना जो ताळेबंद दाखवला, तो फायनान्शियल टाइम्सने छापला. त्यातली सर्वात मोठी मालमत्ता होती सिरम नावाच्या टोकनची, २२० कोटी डॉलरची. सिरमची एकूण टोकनं १,००० कोटी, बहुतेक कुलपात. बाजारात फिरणाऱ्या सगळ्या सिरमची मिळून किंमत त्या वेळी १० कोटी डॉलरही भरत नव्हती. जगातला प्रत्येक गिऱ्हाईक जमवला असता तरी २२० कोटी उभे राहिले नसते. त्याच गटातल्या एफटीटी या टोकनचा भाव महिन्याच्या सुरुवातीला २५ डॉलरच्या आसपास होता. पुढे दिवाळखोरीच्या खटल्यात न्यायालयाने ठेवीदारांच्या दाव्यांसाठी त्याची किंमत शून्य धरली.

तुमच्या पडद्यावर एखादं टोकन आलं, तर मार्केट कॅप आणि एफडीव्ही शेजारी ठेवून पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.१ किंवा त्याहून कमी आलं, तर दहातली नऊ टोकनं अजून यायची आहेत. मग ती केव्हा आणि कुणाच्या हातात सुटणार, याचं वेळापत्रक शोधा. बहुतेक प्रकल्प ते जाहीर करतात. कॉइनगेकोवर प्रत्येक एक्स्चेंजपुढे `-2% Depth` असा एक रकाना असतो. भाव दोन टक्के पाडायला किती डॉलरची विक्री पुरेल, ते त्यात दिसतं. शेकडो कोटींची मार्केट कॅप आणि या रकान्यात जेमतेम काही लाख, अशी जोडी वरचेवर भेटते. माझ्या मते तिन्ही आकड्यांत हाच सर्वात प्रामाणिक आहे, कारण त्यात फक्त त्या क्षणी खरेदीला उभा असलेला पैसा मोजला जातो. तोही क्षणात मागे घेता येतो, हे मात्र धरून चला.

आणि हिशेब चुकला तर भारतात तो जास्त महाग पडतो. आपल्या प्राप्तिकर कायद्यानुसार टोकनवरच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, आणि एका टोकनमध्ये झालेला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करता येत नाही.