उद्याच्या फोनची आजची खबर

‘उद्या सकाळी ११ वाजता, साधारण २० मिनिटं, ऑफिसच्या लँडलाइनवरून फोन करू. सध्याचं काम, पगाराची अपेक्षा आणि नोटीस पीरियड यावर बोलू.’ भरती करणाऱ्याच्या अशा मेसेजमध्ये फोन नंबरही हवाच. अनोळखी नंबर म्हणून उमेदवार फोन कापतो, आणि उलट लावला तर तो बोर्डावर जातो. म्हणून नंबर आजच सेव्ह करावा.

खरी गाडी अडते ती नोटीस पीरियडवर. ‘बघून सांगतो’ म्हणण्यापेक्षा नेमणूकपत्र काढून ९० दिवस आहेत की ६०, पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे पाहून ठेवावं. वेळ जमत नसेल तर आजच कळवा. आणि मेसेजमध्ये नोंदणी शुल्क मागितलं असेल, तर पैसे भरू नका.