ओपसमधली ओवी बटनांच्या फोनवर

गावाकडच्या आत्याबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवल्या आहेत, तीन मिनिटांच्या. त्या दोन ठिकाणी हव्यात. भाच्याला त्या माहितीपटात घालायच्या आहेत, आणि आत्याबाईंच्या थोरल्या बहिणीला आपल्या बटनांच्या फोनवर ऐकायच्या आहेत. भाच्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फाइल घेत नाही आणि बहिणीच्या फोनला ती दिसतसुद्धा नाही. फाइलचं नाव `PTT` ने सुरू होतं आणि शेवटी `.opus` असतं.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो नाव बदलण्याचा: `.opus` पुसून `.mp3` लिहायचं. त्याने आतला माल बदलत नाही. काही प्लेअर नावाकडे न बघता फाइलची सुरुवात वाचतात आणि ती वाजवतात, त्यामुळे हा तोडगा चालतो असा गैरसमज पसरतो. जुन्या फोनला मात्र ओपस उलगडताच येत नाही. ओपस प्रमाणित झालं 2012 साली. त्याआधीच्या फोनांना ते माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि स्वस्त बटनांच्या फोनांत आजही बहुधा एमपी3, एएमआर आणि वेव्ह एवढ्यावरच भागवलेलं असतं.

आता दर्जाचं. ओपस कमी जागेत बोलणं मावावं म्हणून आवाजातला बराच तपशील रेकॉर्ड होतानाच टाकून देतं. व्हॉइस नोटच्या एका मिनिटाला दीडशे केबीच्या आसपासच जागा लागते, ती त्यामुळेच. जे गेलं ते कुठल्याही कन्व्हर्टरने परत येत नाही. पण ओपस उलगडून वेव्ह केली तर नवं नुकसान जवळजवळ काहीच होत नाही, कारण वेव्हमध्ये आवाज दाबला जात नाही. नुकसान होतं ते पुन्हा दाबताना, म्हणजे एमपी3 किंवा एएमआर करताना. म्हणून हे दाबणं एकदाच करायचं, आणि तेही सगळ्यात शेवटी.

आत्याबाईंच्या ओव्यांची फाइल `ovi.opus` नावाने संगणकावर घेतली. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर तिथे असेल तर पहिली आज्ञा अशी:

```
ffmpeg -i ovi.opus -c:a pcm_s16le ovi.wav
```

साडेचारशे केबीची फाइल सतरा एमबीची होते. त्याने बिचकू नये, आणि दर्जा वाढला असंही समजू नये. ही वेव्ह भाच्याने एडिटिंगला घ्यावी. सॉफ्टवेअर तिचा दर 48,000 दाखवेल. ओपस उलगडताना साधारणपणे त्याच दराने उलगडतं. व्हॉइस नोटमध्ये खरा आवाज त्याहून बराच खाली संपलेला असू शकतो. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघडला की एका उंचीच्या वर सगळं रिकामं दिसतं. तिथे ट्रेबल वाढवून ‘स्वच्छ’ करायला जाल तर फक्त खरखर वर येते.

बहिणीच्या फोनसाठी याच वेव्हवरून एमपी3 करायची, आणि काटछाट केली असेल तर काटछाट केलेल्या वेव्हवरून:

```
ffmpeg -i ovi.wav -ac 1 -ar 44100 -b:a 64k -id3v2_version 3 ovi.mp3
```

`-ac 1` म्हणजे एकच वाहिनी. व्हॉइस नोट मोनोच असते. तिचं स्टिरिओ करणं म्हणजे तोच आवाज दोनदा साठवणं. `-ar 44100` हा दर मुद्दाम घेतला, कारण काही जुने प्लेअर कमी दराच्या एमपी3 वाजवत नाहीत. शेवटचा भाग फाइलला चिकटणाऱ्या माहितीची जुनी पद्धत निवडतो. नव्या पद्धतीवर काही फोन अडखळतात. 64 हा आकडा एका वाहिनीच्या बोलण्याला पुरतो. अनेकजण भीतीपोटी 320 ठेवतात. त्याने कार्ड भरतं, पण ओपसनेच टाकून दिलेला आवाज त्यात येणार कुठून?

एएमआरकडे मात्र नाइलाज असेल तरच वळावं. जुन्या फोनांतलं साधं एएमआर आठ हजारांच्या दराने चालतं, म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं जातं. ‘स’ आणि ‘श’ यांची धार तिथेच असते, त्यामुळे ओवी जुन्या टेलिफोनवरून ऐकल्यासारखी वाटते.

आज्ञा लिहायच्या नसतील तर व्हीएलसीच्या मेनूतूनही एमपी3 करता येते. ऑनलाइन कन्व्हर्टर टाळलेले बरे. घरातला आवाज परक्या सर्व्हरवर कशाला चढवायचा? त्याहून वाईट पद्धत म्हणजे एका फोनवर वाजवून दुसऱ्यावर रेकॉर्ड करणं. तिच्यात खोलीतला पंखाही रेकॉर्ड होतो. आणि मूळ `.opus` पुसू नका. पुन्हा करायची वेळ आली तर तीच लागते.

कार्ड फोनमध्ये घातल्यावर नुसती सुरुवात ऐकून थांबू नका, वेळही बघा. तीन मिनिटांच्या ओव्या सात मिनिटं दाखवत असतील किंवा पुढे सरकवताना भलतीकडे जात असतील, तर फाइल बहुधा बदलत्या बिटरेटने झाली आहे, आणि जुन्या फोनला तिचा हिशेब जमत नाही. वरच्या आज्ञेतला `-b:a 64k` बिटरेट एकसारखा ठेवतो. दुसऱ्या कन्व्हर्टरमध्ये त्यासाठी ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय शोधावा लागतो.